सिकाडांना बाहेर पडायची वेळ कशी कळते?

प्रश्न: वेताळ टेकडीवर मे महिन्यात सिकाडा हे कीटक किर्र ओरडतात. वर्षानुवर्षं जमिनीखाली राहून सगळे एकदम बाहेर कसे येतात?

उत्तर: झाडाच्या रसावरून. पिल्लं मुळांतून जो रस शोषतात तो जवळजवळ पाणीच असतो, म्हणून वाढ इतकी रेंगाळते. पण झाडाला पालवी फुटली की रस बदलतो, आणि तेच त्यांचं कॅलेंडर.

अमेरिकेतल्या, दर १७ वर्षांनी बाहेर येणाऱ्या सिकाडांवर याचा प्रयोग झाला. १५ वर्षांची पिल्लं पीचच्या मुळांशी सोडली आणि झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणवला. पिल्लं एक वर्ष आधीच वर आली! म्हणजे मोजले ते बहर, दिवस नव्हेत. नेमका दिवस मात्र माती ठरवते: वीतभर खाली साधारण १८ अंश तापमान झालं की निघतात. खोडावर चढून कात टाकतात, मग नर पोटाजवळचे पडदे थरथरवून माद्यांना बोलावतात. थव्याने येण्यात फायदा असा की पक्षी खाऊन खाऊन किती खाणार?

आपल्याकडे मात्र १७ वर्षांचा हिशोब लावू नका. इथले दरवर्षी ऐकू येतात, कारण वेगवेगळ्या वयाची पिल्लं जमिनीत असतात. पावसाआधी टेकडीवरची खोडं नीट बघा: पाठीवर उभी चीर गेलेली तपकिरी, पोकळ कात सापडेल.