स्कॅन टाकल्यावर टायमिंग का बिघडतं, आणि तो मक्स रिपोर्टमध्ये का दिसत नाही

प्रश्न: सिंथेसिसनंतर १ गिगाहर्ट्झला टायमिंग बसत होतं. डीएफटी टीमने स्कॅन चेन टाकल्यावर एक पाथ उणे १३ पिकोसेकंदांवर गेला. चेन हजार फ्लॉपची आहे, म्हणून असं होतं का? रिपोर्टमध्ये मक्स नावाचा सेल तर कुठेच दिसत नाही. हा फ्लॉप चेनमधून काढून टाकू का?

उत्तर:

चेनच्या लांबीचा इथे काही संबंध नाही. चेन हजार फ्लॉपची असो की दहाची, एका क्लॉकमध्ये बिट फक्त एका फ्लॉपमधून पुढच्या फ्लॉपमध्ये जातो. लांबीमुळे टेस्टरवरचा वेळ वाढतो, कारण हजार फ्लॉप भरायला हजार क्लॉक लागतात. पण ते शिफ्टिंग बहुतेक वेळा नेहमीच्या क्लॉकपेक्षा बरंच हळू चालतं.

तुमचा वेळ खातोय तो प्रत्येक फ्लॉपच्या तोंडाशी बसलेला मक्स. स्कॅन फ्लॉप म्हणजे मुळात एवढंच:

```verilog
always @(posedge clk)
  q <= se ? si : d;
```

`se` १ असताना प्रत्येक फ्लॉप मागच्या फ्लॉपचं आउटपुट `si` मधून घेतो, म्हणजे सगळे मिळून शिफ्ट रजिस्टर होतं आणि हवा तो पॅटर्न आत सरकवता येतो. मग `se` ० करून एक क्लॉक द्यायचा. मधल्या लॉजिकने काढलेलं उत्तर फ्लॉपमध्ये पकडलं जातं. पुन्हा `se` १ करून ते बाहेर सरकवायचं, आणि त्याच वेळी पुढचा पॅटर्न आत येत राहतो. टेस्टिंग संपलं की `se` कायमचा ०. पण मक्स कुठे जात नाही. चिप ग्राहकाच्या हातात असतानाही `d` वरचा प्रत्येक बिट त्यातूनच जातो.

रिपोर्टमध्ये तो दिसत नाही, कारण तो स्कॅन फ्लॉपच्या सेलच्या आतच असतो. लायब्ररीने त्याचा डिले फ्लॉपच्या सेटअप टाइममध्ये धरलेला असतो. म्हणून पाथमध्ये नवा सेल शोधू नका. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि शेवटची `library setup time` ची ओळ बघा. तुमच्यासारख्या पाथवर साधारण असं चित्र दिसेल. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या लायब्ररीत वेगळे असतील. क्रम असा: क्लॉकपासून आउटपुटपर्यंतचा वेळ, लॉजिक, सेटअप, अनिश्चितता.

```
before: 90 + 780 + 45 + 40 =  955 ps   slack = +45
after:  98 + 780 + 95 + 40 = 1013 ps   slack = -13
```

सेटअप ४५ वरून ९५ झाला, तो मक्समुळे. पण पहिला आकडाही ९० वरून ९८ झालाय, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाथ जिथून सुरू होतो त्या फ्लॉपच्या `Q` ला आता चेनमधल्या पुढच्या फ्लॉपच्या `SI` पर्यंतची तारही ओढावी लागते. तो फ्लॉप चिपच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हा भार चांगलाच जाणवतो. थोडक्यात, स्कॅनची किंमत पाथच्या दोन्ही टोकांना मोजावी लागते.

५० पिकोसेकंद म्हणजे हजारच्या सायकलमध्ये ५ टक्के. तोच मक्स ४०० पिकोसेकंदांच्या सायकलमध्ये साडेबारा टक्के खाईल. त्यामुळे दोन फ्लॉपमध्ये मोजकेच गेट ठेवणाऱ्या वेगवान डिझाइनमध्ये त्याची झळ जास्त लागते.

दुरुस्तीला आधी सोपं टोक घ्या. प्लेसमेंटनंतर चेनचा क्रम बदलला गेलाय का ते बघा. चेनमध्ये कोण कोणाच्या मागे आहे याला टेस्टच्या दृष्टीने फारसं महत्त्व नसतं. त्यामुळे टूल जवळजवळचे फ्लॉप जोडून तारा आखूड करू शकतं. तरीही एखादी तार लांब राहिलीच तर `SI` कडे जाणाऱ्या फाट्यावर, `Q` च्या अगदी जवळ, एक छोटा बफर टाका. मग `Q` ला लांब तारेऐवजी फक्त त्या बफरचा भार दिसतो. ९८ चे पुन्हा ९१-९२ होतात आणि स्लॅक उणे ६-७ वर येतो.

या बफरचा आणखी एक उपयोग आहे. `Q` पासून `SI` पर्यंत मध्ये काहीच लॉजिक नसतं, त्यामुळे शिफ्ट पाथवर होल्ड नेहमीच नाजूक असतो. पुढच्या फ्लॉपचा क्लॉक थोडा उशिरा पोचला तर नवा बिट एकाच क्लॉकमध्ये दोन फ्लॉप ओलांडतो आणि चेन एका फ्लॉपने आखूड झाल्यासारखी वागते. ०, ०, १, १ असा साधा पॅटर्न चेनमधून आरपार सोडला की तो एक क्लॉक लवकर बाहेर येतो, त्यावरून हे ओळखता येतं. शिफ्ट क्लॉक कितीही हळू केला तरी हा दोष जात नाही. `SI` च्या वाटेवर डिले वाढवला की जातो, आणि ती वाट `d` च्या पाथवर नसल्यामुळे त्याने वेग कमी होत नाही.

राहिलेले ६-७ पिकोसेकंद लॉजिकमधून काढा. सिंथेसिस साध्या फ्लॉपवर करून स्कॅन फ्लॉप नंतर बदलले असतील, तर टूलला वाटत होतं की ४५ पिकोसेकंद हातात आहेत, म्हणून त्याने तिथे आकाराने लहान, हळू गेट वापरले असणार. सुरुवातीपासून स्कॅन फ्लॉपचाच सेटअप धरून सिंथेसिस केलं तर टूल त्या ७८० वरच आणखी मेहनत घेतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ बहुधा इथेच आहे. कॅप्चर फ्लॉपचा क्लॉक मुद्दाम थोडा उशिरा देण्याचाही उपाय आहे, पण त्याने वर सांगितलेला होल्ड त्या फ्लॉपवर आणखी बिघडतो. तो केलात तर शिफ्ट मोडचं होल्ड पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुळात `d` च्या वाटेत मक्स न घालताही स्कॅन करता येतो. आयबीएमच्या आयकेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एलएसएसडी पद्धतीत स्कॅनचा डेटा लॅचमध्ये वेगळ्या दाराने, वेगळ्या क्लॉकवर शिरतो. पण त्यासाठी शिफ्टचे जादा क्लॉक चिपभर फिरवावे लागतात आणि लॅचही मोठे होतात. तुमच्या एका पाथसाठी हा विचार नको.

आता फ्लॉप काढून टाकण्याबद्दल. तो चेनबाहेर गेला की सेटअप पुन्हा ४५ होईल आणि पाथ बसेल, यात शंका नाही. पण त्याच्या आधीच्या लॉजिकचं उत्तर जिथे पकडून वाचायचं ती जागा जाते, आणि पुढच्या लॉजिकला हवी ती किंमत देता येत नाही. शिवाय शिफ्ट चालू असताना त्याच्या `d` वर काहीबाही येत राहतं, त्यामुळे कॅप्चरच्या वेळी त्यात काय आहे हे टेस्ट पॅटर्न तयार करणाऱ्या एटीपीजी टूलला सहसा सांगता येत नाही. ते टूल त्या फ्लॉपची किंमत `X`, म्हणजे अज्ञात, मानतं, आणि हा `X` पुढे ज्या ज्या फ्लॉपपर्यंत पोचतो तिथली उत्तरंही निरुपयोगी ठरू शकतात. एका बाजूला पडलेल्या स्टेटस बिटचं हे परवडेल. अ‍ॅडरच्या कॅरीत शिरणारा बिट असेल तर तोटा मोठा होईल. निर्णय घ्यायच्या आधी तो एक फ्लॉप वगळून एटीपीजी चालवा आणि कव्हरेज किती उतरतं ते बघा.