पहिल्यांदा मूल्यांकन करताना: क्रमवारी की उद्दिष्टे?

तुम्ही प्रथमच आठ जणांच्या गटाचे वार्षिक मूल्यांकन करणार आहात, म्हणून सहकाऱ्यांची आपसांत क्रमवारी लावणे आणि प्रत्येकाला त्याच्या उद्दिष्टांवर श्रेणी देणे यांतला फरक आधी ध्यानात घ्या. क्रमवारीत एक जण वर सरकला की दुसरा खाली जातोच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी रूढ केलेल्या २०-७०-१० या विभागणीत तळाचे दहा टक्के ठरलेलेच असत, मग सगळ्यांचे काम उत्तम का असेना. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची विभागणी २०१३ मध्ये बंद केली.

क्रमवारीचा परिणाम भांडणांतून नव्हे, अबोल्यातून दिसतो. आमच्याकडे क्रमवारी होती तेव्हा जुन्या बिलिंग प्रणालीच्या खाचाखोचा एकाच सहकाऱ्याला ठाऊक होत्या. नव्या मुलीने विचारले तेवढेच तो सांगे, लिहून मात्र काहीच ठेवत नसे, आणि त्याच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. एकमेकांचे काम तपासून देण्याच्या विनंत्या दोन-दोन दिवस पडून राहू लागल्या, ही पहिली खूण.

वैयक्तिक उद्दिष्टांवर श्रेणी दिली की ही चढाओढ ओसरते, पण मदत आपोआप वाढत नाही: उद्दिष्टात जे लिहिलेले नाही त्यासाठी कोणी वेळ काढत नाही, आणि चतुर माणूस उद्दिष्टेच सोपी मागून घेतो. म्हणून त्या सहकाऱ्यासाठी ‘प्रणाली सांभाळणे’ असे न लिहिता ‘सप्टेंबरअखेर आणखी दोघांना ती स्वतंत्रपणे सांभाळता यावी’ असे लिहा, आणि ते साधले का, हे त्या दोघांनाच विचारा. मात्र पगारवाढीची एकूण रक्कम ठरलेली असेल, तर तिच्या वाटपात क्रमवारी मागच्या दाराने परत येते; ते गटाला आधीच सांगा.