नमस्कार पोचला का?

“ओळखीच्या माणसाला नमस्कार केला आणि त्यानं बघितलंच नाही, किंवा कुणी हात केला म्हणून मीही केला आणि तो माझ्या मागच्याला होता. अशा वेळी नेमकं काय करायचं? दिवसभर तेच डोक्यात फिरतं. आता तर ओळखीचं कुणी दिसलं की मी रस्ता बदलतो.”

हे विचारणाऱ्यांत दहावीतली मुलं असतात, लग्न होऊन नव्यानं सांगलीत आलेल्या मुली असतात, निवृत्त मास्तरही असतात. बहुतेक जण आधी झोपेची नाहीतर कामाची तक्रार मांडतात आणि उठता उठता, जरा हसून, हे सांगतात. यातली मेख मला सगळ्यांत स्पष्ट दिसली ती एका पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गाव तासगावकडचं, भाड्याची खोली सांगलीत, सकाळी आमराईत फेऱ्या मारायची सवय.

त्याचे दोन प्रसंग होते. आमराईत त्यानं संस्थेच्या एका वयस्कर संचालकांना नमस्कार केला आणि ते तसेच पुढे गेले. काही दिवसांनी हरभट रोडवर समोरून येणाऱ्या बाई म्हणाल्या, “काय, कसं चाललंय?” हा म्हणाला, “बरं चाललंय मॅडम.” त्या कानातल्या इअरफोनवर बोलत होत्या. त्यांनी याच्याकडे एकदा बघितलं आणि बोलणं चालू ठेवलं. मग यानं मोबाइल काढून उगाच कानाला लावला आणि पुढच्या गल्लीत शिरला.

“संचालकांनी मुद्दाम टाळलं,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“बघितलं ना त्यांनी माझ्याकडं.”

“सूर्य कुठं होता?”

हा प्रश्न त्याला विचित्र वाटला, पण मी असेच प्रश्न विचारते. ते किती लांब होते, उजेड कुणाच्या तोंडावर होता, चष्मा होता का, बरोबर कुणी होतं का. उत्तरं अशी आली: सात-सव्वासातची वेळ, ऊन याच्या पाठीशी, अंतर वीसेक फूट, आणि ते दुसऱ्या गृहस्थांशी बोलत चाललेले. पाठीमागून ऊन असलं की समोरच्याला चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात आणि उघड्यावर हळू बोललेला शब्द नुसता पुटपुटल्यासारखा वाटतो. शिवाय नजर आपल्यावर पडली म्हणजे लक्षही आपल्यावर होतं, असं नसतं. बोलण्यात गुंतलेला माणूस समोर बघत असतो, पण त्याला समोरचं दिसतंच असं नाही.

इतकं समजावल्यावर बहुतेकांना बरं वाटतं. यालाही वाटलं, पण आठवडाभरच. पुढच्या खेपेला त्यानं वहीत लिहून आणलं होतं की आठ जणांना नमस्कार केला आणि सहा जणांनी उत्तर दिलं नाही. आठांतले सहा जण बहिरेही नसतात आणि उन्हाकडे तोंड करूनही चालत नसतात. म्हणून मी त्याला म्हटलं, “बाहेर जा आणि आत येताना मला नमस्कार करा. रस्त्यावर करता तसाच.”

तो बाहेर गेला, आत आला, खुर्चीपाशी थांबला.

“करा की,” मी म्हटलं.

“केला की मॅडम.”

पुन्हा पाठवलं. या वेळी मी टक लावून बघत होते. दारातून त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, लगेच नजर खाली घातली, हनुवटी जेमतेम अर्धा इंच हलली, ओठ हलले, आवाज आला नाही. जवळ येईपर्यंत हात खिशातल्या मोबाइलवर गेला होता.

“असा का करता?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे त्यांनी नाही घेतला तर मी केलाच नव्हता, असं होतं ना.”

त्या खेपेला आम्ही पुढं काही केलं नाही. हे वाक्य त्याचं त्यानंच पुन्हा दोनदा म्हणून पाहिलं. मला विचाराल तर या सगळ्या तक्रारीचं मूळ या वाक्यात आहे, आणि ते कुठल्या प्रश्नावलीतून सापडलं नसतं. पहिला नमस्कार हुकला तो उन्हामुळे. नंतरचे हुकले, कारण अपमानाची सोय आधीच करून ठेवलेला नमस्कार समोरच्यापर्यंत पोचतच नव्हता. बचाव म्हणून केलेली गोष्टच ज्याची भीती आहे ते घडवून आणते. सामाजिक भीतीवर काम करणाऱ्या डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 साली हे चक्र नीट मांडून दाखवलं. उपचारात आधी हा बचाव सोडायला शिकवतात, धीर देणं नंतर.

म्हणून आम्ही नमस्कारच दुरुस्त केला. वीस फुटांवरून करायचा नाही, चार-पाच पावलं उरली की करायचा. आधी नजर भेटू द्यायची, मग बोलायचं, कारण नजर भेटण्याआधी निघालेला शब्द हवेत जातो. आधी हाक आणि मग नमस्कार, म्हणजे “साहेब, नमस्कार” किंवा “काकू, बऱ्या आहात ना?” हाकेनं लक्ष वळतं, पुढचा शब्द मग कानात शिरतो. आवाज काउंटरवर टोकन नंबर पुकारताना असतो तेवढा. मान हलवायची तर बाजूनं बघणाऱ्यालाही दिसेल एवढी, आणि माणूस ओलांडून जाईपर्यंत मोबाइल बाहेर काढायचा नाही. समोरचा फोनवर असेल, नोटा मोजत असेल किंवा गर्दीत गाडी काढत असेल, तर नमस्कार करायचाच नाही.

उत्तर नाही आलं तर? काम असेल तर जवळ जाऊन एकदाच, जरा मोठ्यानं पुन्हा हाक मारायची. काम नसेल तर चेहरा तसाच ठेवून चालत राहायचं. तिसऱ्यांदा हाक मारायची नाही, आणि “काय, ओळख विसरलात व्हय?” हे गमतीनंही म्हणायचं नाही, कारण त्यात समोरच्याला खुलासा द्यावा लागतो.

पहिल्या आठवड्यात त्याला रोज पाच नमस्कार दिले. वॉचमन, चहावाला, इस्त्रीवाले काका असे सोपे लोक आधी. वहीत उत्तर आलं की नाही हे लिहायचं नव्हतं. आपला नमस्कार पुरा झाला का, एवढंच लिहायचं होतं. दुसऱ्या आठवड्यात संचालक आले. चार पावलांवरून, उजेडाकडे तोंड करून, “साहेब, नमस्कार.” ते थांबले, नीट बघितलं आणि म्हणाले, “नमस्कार. कोण आपण?” काउंटरच्या काचेबाहेर त्यांनी याला कधी पाहिलंच नव्हतं. ज्या माणसाला आपण माहीतच नाही, त्याच्या रागाचा हिशेब हा तीन महिने मांडत होता. सांगताना तो स्वतःच हसत होता.

आता चुकीच्या माणसाला दिलेलं उत्तर. इथं लोक प्रसंगापेक्षा सारवासारवीनं जास्त हसू करून घेतात. वर गेलेला हात डोकं खाजवायला वळवणं, खोटा फोन उचलणं, दुसऱ्या दिवशी जाऊन “काल मला वाटलं की...” असं सुरू करणं. यातलं काही करू नका. हात वर गेला असेल तर तो नमस्कार पुरा करा आणि मग खाली घ्या, कारण पुरा केलेला हात कुणाला खटकत नाही, अर्ध्यात वळवलेला खटकतो. नजरानजर झालीच तर “मला वाटलं मला म्हणताय” एवढं हसून म्हणा आणि पाय थांबवू नका. दुसऱ्या दिवशी तो विषय काढू नका.

आधी ओळखता येतं का? बऱ्याचदा येतं. हाताकडे बघू नका, डोळ्यांकडे बघा. मागच्याला हात करणाऱ्याची नजर तुमच्या खांद्यावरून जाते आणि तुम्ही बाजूला सरकलात तरी ती सरकत नाही. “कसं काय?” ऐकू आलं आणि डोळे तुमच्यावर नसतील तर दोन सेकंद थांबा. फोनवरचा माणूस पुढचं वाक्य बोलतोच. तरी शंका राहिली तर नुसती मान लववा. ती कुणालाही चालते.

कितीजणांनी पाहिलं, ही उरलेली बोच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचं तोंड छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि किती जणांच्या लक्षात आलं असेल ते विचारायचं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ओळखलं होतं साधारण पाव लोकांनी. माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराकडे आहे, जो मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवला. एलिस यांनी एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. त्यांनीच सांगितलेला हिशेब असा: 130 पैकी 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण त्यांची भीती गेली. आपली आमराई हीसुद्धा वनस्पती उद्यानच, म्हणून हे त्या मुलाला सांगितलं. त्याला हिशेबातल्या त्या शेवटच्या बाईचं फार वाईट वाटलं.

लोक टाळायला लागून सहा महिने उलटले असतील, कॉलेज, नोकरी किंवा बाजारहाट बंद पडत असेल, तर हे नमस्काराचे धडे पुरणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि काही माणसं खरंच उत्तर देत नाहीत. भावकीतला वाद असतो, निवडणुकीत वेगळ्या गटात असणं असतं. या मुलाच्या बाबतीत तर थकबाकीदार होते. पुरा केलेला नमस्कार जवळून, नजर भेटून, वेगवेगळ्या दिवशी तीनदा उत्तराविना राहिला तर ते टाळणं आहे असं धरायला हरकत नाही. त्यांनी उत्तर द्यावं ही आपली इच्छा रास्त आहे, पण ते देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. अशा माणसाला सणावाराला, लग्नकार्यात समोरासमोर आल्यावर एक नमस्कार करायचा, एरवी मान लववून पुढं जायचं. थकबाकीदाराला तर रस्त्यात थांबवायचंच नाही. त्याला तुमच्या नमस्कारात हप्ता ऐकू येतो. तो काउंटरवर आला की पासबुक हातात घेताना म्हणायचं, “नमस्कार, बसा.”