कच्चं मडकं आणि तीन मार्ग

प्रश्न : भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग आणि कर्ममार्ग यांत नेमका फरक काय? मोक्ष तिन्हींनी मिळतो का? माझ्यासारख्या नवख्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तर :

प्रत्येक मार्ग बंधनाची कोणती गाठ आधी सोडतो ते बघा, म्हणजे फरक लवकर लक्षात येईल. कर्ममार्ग फळाच्या आसक्तीला हात घालतो. काम सोडायचं नाही, पण 'हे मी केलं, याचं फळ मलाच मिळालं पाहिजे' हा हट्ट सोडायचा. ज्ञानमार्गाच्या मते मूळ दुखणं अज्ञान आहे. आपण देहालाच 'मी' समजतो, म्हणून विवेकाने आत्मा ओळखायचा. भक्तिमार्ग हा 'मी'च देवाच्या पायी वाहायला सांगतो.

मोक्ष तिन्हींनी मिळतो का, यावर मात्र आचार्यांचं एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते मोक्ष ज्ञानानेच मिळतो, कर्माने फक्त चित्त शुद्ध होतं. रामानुजाचार्य भक्तीलाच मोक्षाचं साधन मानतात. लोकमान्य टिळकांनी 1915 साली 'गीतारहस्य'मध्ये कर्मयोगाला पुढचं स्थान दिलं. म्हणून 'सगळे मार्ग सारखेच' असं कुणी चटकन म्हणालं, तर तो कोणाच्या परंपरेतून बोलतोय ते आधी विचारावं.

आपल्या मराठवाड्यात याचं उत्तर एका आख्यायिकेत मिळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. तेरला संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाका, यांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी तिथली थापटणी पाहून विचारलं, 'काका, हे काय?' मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं, असं काका म्हणाले. मग मडकी पारखावीत तशी त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणी मारली. बाकीचे गप्प बसले. नामदेव रागावले, आणि काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे.

नामदेवांची भक्ती उणी नव्हती. विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचा नैवेद्य खायचा. पण 'देव माझ्याशी बोलतो' यातला 'माझ्याशी' तसाच राहिला होता, आणि देव पंढरीच्या राउळापुरताच होता. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले! नामदेवांनी हटकलं, तेव्हा ते म्हणाले, 'जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव.' नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवले, तिथे पिंडी दिसली. हाच ज्ञानाचा उपदेश. पण नंतर नामदेवांनी भक्ती सोडली का? उलट त्यांचाच अभंग आहे, 'नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी'. भक्ती होती तीच राहिली, तिच्यातला अहंकार आणि संकुचितपणा गेला.

गंगाखेडच्या जनाबाईंकडे बघितलं की कर्माची बाजूही कळते. 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' असं त्या म्हणतात. जातं बाजूला ठेवून भजनाला बसायचं असं त्यांच्याकडे नाही.

आता सुरुवातीचं. गीतेच्या 12व्या अध्यायात आठव्या ते अकराव्या श्लोकांत देव स्वतःच एकेक पायरी खाली उतरतो. मन आणि बुद्धी माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर, म्हणजे मन पुन्हा पुन्हा माझ्याकडे वळव. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही, तर मन आवरून कर्मांची फळं सोड. नवख्याने आपली पायरी इथे प्रामाणिकपणे शोधावी. बहुतेकांची शेवटची निघते, त्यात कमीपणा नाही.

फळ सोडणं म्हणजे काय ते सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यावरून बघू. बियाण्याची उगवण तपासणं, वेळेवर फवारणी, मोंढ्यात चार ठिकाणी भाव विचारणं, हे सगळं त्याने करायचंच. काढणीच्या तोंडावर पाऊस आला किंवा भाव पडला, तर त्या दुःखाने पुढचं काम बिघडू द्यायचं नाही, आणि चांगला भाव आला तर फुगायचं नाही. 'मला फळाची इच्छा नाही' म्हणत फवारणीच चुकवली, तर तो कर्मयोग नव्हे. नेमून दिलेलं कर्म मोहाने टाकणं हा तामस त्याग आणि कष्टाच्या भीतीने टाकणं हा राजस त्याग, असं 18वा अध्याय सांगतो.

ज्ञानमार्गाने लगेच जावंसं वाटत असेल तर आधी पात्रता बघा. वेदांतात विवेक, वैराग्य, मन आणि इंद्रियं आवरणं असे शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ एवढी तयारी मागितली आहे. अव्यक्ताची उपासना देहधारी माणसाला जास्त कष्टाची, असं गीताही म्हणते. 'अहं ब्रह्मास्मि' तोंडपाठ आहे, पण कोणी मान दिला नाही की रात्रभर झोप लागत नाही, अशी अवस्था असेल तर तयारी झालेली नाही.

वाचायला 12वा अध्याय घ्या, 20च श्लोक आहेत, सोबत ज्ञानेश्वरीतल्या त्यावरच्या ओव्या. नंतर तिसरा वाचा आणि मग तेरावा. तेराव्यात ज्ञानाची लक्षणं दिली आहेत. ती निरभिमानापासून सुरू होतात, आणि देवाची अनन्य भक्ती त्याच यादीत, ज्ञानाचं एक लक्षण म्हणून आली आहे.