उष्णतेच्या लाटेचा आणि साथीचा आराखडा कसा बनतो, आणि तपासायचा कसा

प्रश्न: आमच्या नगरपालिकेने उष्माघाताचा आणि साथरोगांचा कृती आराखडा केलाय म्हणे. असे आराखडे नेमके बनतात कसे? आणि वेळ आली की ते चालतील की नाही, हे कोणी तपासतं का?

विदर्भातल्या एका नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात मी अठरा वर्षं काढली. आधी स्वच्छता निरीक्षक होतो, नंतर विभागाचं काम बघत होतो. असे पाच-सहा आराखडे माझ्या हातून गेले. त्यातले पहिले दोन दुसऱ्या शहराच्या आराखड्यावर आमचं नाव घालून केलेले होते, हे आधीच सांगतो. जिल्ह्याकडून पत्र आलं, आठ दिवसांत पाठवा म्हणाले, आम्ही पाठवला.

नक्कल केली की पहिल्यांदा चुकतो तो तापमानाचा आकडा. किती अंशाला धावपळ सुरू करायची, यावर अख्खा आराखडा उभा असतो. अहमदाबादने तो आकडा कसा काढला ते बघण्यासारखं आहे. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 वर गेला होता. पुढे अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यू नोंदी तपासल्या, तर त्या एका महिन्यात 4,462 मृत्यू निघाले, म्हणजे एरवीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 जास्त. बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात हा शब्दच नव्हता. कुठे हृदयविकार, कुठे वृद्धापकाळ. रोजचं तापमान आणि रोजचे मृत्यू शेजारी मांडल्यावर कुठे उडी पडते ते दिसलं, आणि त्यावरून 41 च्या पुढे यलो, 43 च्या पुढे ऑरेंज, 45 ला रेड असे टप्पे ठरले. 2013 मध्ये त्यांचा आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला.

हे छोट्या गावात जसंच्या तसं होत नाही. अहमदाबादला एरवीही दिवसाला शंभरेक मृत्यू नोंदले जायचे, त्यामुळे उडी दिसली. आमचं गाव साठ हजारांचं. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला 360, म्हणजे दिवसाला एक. एकाचे दोन झाले तर ते उन्हामुळे की योगायोगाने, सांगता येत नाही. म्हणून आम्ही दहा वर्षांतले मार्च ते जूनचे सगळे दिवस तापमानाप्रमाणे गटांत घातले. 40 च्या खालचे, 40 ते 42, 42 ते 44 आणि त्यावरचे. मग प्रत्येक गटात दिवसाला सरासरी किती मृत्यू, ते काढलं.

तरी पहिला हिशोब चुकला, कारण आम्ही नोंदणीची तारीख धरली होती. मृत्यू नोंदवायला 21 दिवसांची मुदत असते, त्यामुळे एप्रिलचे मृत्यू मेमध्ये जाऊन बसले होते. मृत्यूची खरी तारीख घेऊन सगळं पुन्हा केलं. आणखी एक भोक राहतंच. आमचा माणूस नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला की त्याची नोंद नागपूरला होते. तेव्हा आपल्या रजिस्टरात दिसतं त्याहून जास्त घडलेलं असतं, असं धरूनच चालावं लागतं. एक गोष्ट मात्र ठळक दिसली. लाटेच्या पहिल्या दिवशी फारसं काही होत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतं. पत्र्याच्या घरातला म्हातारा माणूस सलग तीन रात्री झोपलेला नसतो, तेव्हा. म्हणून आम्ही आराखड्यात लिहिलं की सलग तिसरा दिवस 43 च्या पुढे असेल, तर रेड अलर्ट नसला तरी रेडची कामं सुरू करायची.

दुसरा भाग कोणी काय करायचं हा. इथे बहुतेक आराखड्यांत 'जनजागृती करावी', 'औषधसाठा उपलब्ध ठेवावा' अशी वाक्यं असतात. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने 2023 मध्ये देशातले 37 उष्णता आराखडे तपासले होते. जास्त धोका नेमका कोणाला, याचा हिशोब करून मांडणारे त्यांत दोनच निघाले आणि पैसा कुठून येणार हे सांगणारे तीन. तुमच्या पालिकेचा आराखडा हातात आला तर क्रियापदं बघा. 'करावी' असेल तर ते काम कोणाचंच नाही. 'प्रभाग 7 चा मुकादम सकाळी सातच्या आत घंटागाडीच्या स्पीकरवर सूचना लावेल, तो रजेवर असल्यास अमुक लावेल' असं असेल, तर कोणीतरी बसून विचार केलाय.

आता तपासण्याचं. चाचणी दोन प्रकारची असते, आणि दोन्ही लागतात. पहिली टेबलावरची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुख्याधिकारी, पाणीपुरवठा, आरोग्य, वीज कंपनीचा माणूस, ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर, दोन आशाताई असे सगळे सभागृहात बसतात, आणि एकजण पाकिटातून एकेक चिठ्ठी काढून वाचतो. कोणाला आधी काही माहीत नसतं.

आमच्या पहिल्या तालमीत पहिली चिठ्ठी होती: 'आज दुपारी एक वाजता हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट ईमेलने आला. पुढे काय?' सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कळलं की तो ईमेल आवक-जावकच्या लिपिकाच्या संगणकावर येतो. तो प्रिंट काढतो, शिक्का मारतो, साहेबांच्या टेबलावर ठेवतो, आणि फाईल दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येते. म्हणजे लाट येऊन एक दिवस झाल्यावर आम्हाला कळणार होतं. त्या दिवशी तो लिपिक रजेवर असता तर दोन दिवस गेले असते.

दुसरी चिठ्ठी आशाताईंनीच लिहून दिली होती: 'पाणी तिसऱ्या दिवसावर गेलंय. टेकडीखालच्या वस्तीत एकाच गल्लीत चौघांना उलट्या-जुलाब.' उन्हाळ्यात या दोन आपत्ती वेगळ्या राहत नाहीत, हे त्या चिठ्ठीने सगळ्यांना पटलं. नळाला पाणी नसताना पाइप रिकामा असतो, आणि तो गटारातून जात असेल तर फुटलेल्या जागेतून घाण आत ओढली जाते. पाणी जितक्या दिवसांआड येतं तितका हा धोका वाढतो. वस्तीतल्या बायका पहिल्या दोन बादल्या सडा-सारवणाला वापरतात, त्याचं कारण हेच.

साथीचा आराखडा उष्णतेपेक्षा अवघड का, तेही इथेच कळतं. लाटेचा अंदाज तीन-चार दिवस आधी मिळतो. साथ कळते ती लागल्यावर. तिथे इशारा म्हणजे बाह्यरुग्ण विभागाचं रजिस्टर आणि आशाताईंची घरभेट. कुठल्या वस्तीतून जुलाबाचे किती रुग्ण आले हे रोजच्या रोज कोणी मोजत नसेल, तर बाकीची पानं रद्दी समजा. कॉलऱ्याचा तर प्रयोगशाळेत नक्की झालेला एक रुग्णही साथ म्हणून धरावा लागतो, आकडा वाढायची वाट बघत बसता येत नाही.

दुसरी चाचणी प्रत्यक्ष जागेवर, न सांगता. एप्रिलमध्ये एका दुपारी दोन वाजता आम्ही बॅनरवर छापलेल्या नंबरला फोन लावला. तो लेखा विभागात वाजला. तिथून उष्माघात कक्षात गेलो. कूलर होता, खाट होती, सलाईन होतं. पण खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, आणि बर्फ कुठेच नव्हता. बर्फाचा कारखाना 11 किलोमीटरवर, तोही दुपारी बंद. उष्माघातात अंगाचं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं आणि माणूस बरळायला लागतो किंवा शुद्ध हरपते. त्याला अर्ध्या तासात थंड करावं लागतं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही, कारण हा तापच नव्हे. काखेतलं थर्मामीटरही फसवतं, आतलं तापमान त्याहून बरंच जास्त असू शकतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी मग साधा उपाय काढला. एक ताडपत्री, चार माणसं कोपरे धरायला, आत रुग्ण आणि बर्फाचं पाणी. आधी थंड करायचं, मग 108 मधून पुढे पाठवायचं. कक्ष तळमजल्यावर आणला, आणि बर्फाच्या दोन लाद्या बाजारातल्या मासळीवाल्याकडून रोज घ्यायचं ठरलं. आराखड्यात त्याचा फोन नंबर घातला.

तिथून टाकीवर गेलो. साठ्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर 'उपलब्ध' होती, म्हणजे गेल्या पावसाळ्यात फोडलेली पोती होती. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. लाख लिटर पाण्याला लिटरमागे 2 मिलिग्रॅम द्यायचं तर 200 ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे सहाशे ग्रॅम पावडर. ती उघडी राहून 20 टक्क्यांवर आली असेल तर एक किलो लागेल. आमचा वॉल्व्हमन मात्र जुन्या मापाने डबा भरून टाकत होता. टाकीत अर्ध्या तासानंतर क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग आला, म्हणजे पाण्यात क्लोरीन होतं. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी म्हटलं, टाकीवर नको, शेवटच्या नळावर बघू. तिथे लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. टेकडीखालच्या गल्लीत एका आजीच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं पांढरं राहिलं. आजी म्हणाल्या, "इथं कोणी तपासायला येतच नाही बाबा, सगळे टाकीवरूनच परत जातात."

तालमीनंतर तीन पानांचा अहवाल लिहिला. काय अडलं, कोणी दुरुस्त करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. तुम्हाला तुमच्या पालिकेचा आराखडा खरा की खोटा हे ओळखायचं असेल, तर माहिती अधिकारात आराखडा मागू नका, शेवटच्या रंगीत तालमीचा असा अहवाल मागा. तालीम झाली आणि सगळं व्यवस्थित निघालं असं त्यात लिहिलं असेल, तर तालीम झाली नाही असंच समजा. दुसरी गोष्ट मागा, ती जूनमधली. मार्च ते मे या काळात एकूण मृत्यू किती, आणि आधीच्या पाच वर्षांत याच महिन्यांत किती. उष्माघाताचे मृत्यू शून्य असं पालिका कळवते तेव्हा हा दुसरा आकडा बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या तालमीत अलर्ट चाळीस मिनिटांत सगळ्या मुकादमांपर्यंत पोचला, कारण तो आता थेट तिघांच्या मोबाइलवर येत होता. बर्फ होता. फोन आरोग्य विभागातच वाजला. आजीच्या नळाचं पाणी मात्र त्याही वेळी पांढरंच राहिलं. पावडर ताजी होती, माप बरोबर होतं, पण गटारातून गेलेली जुनी लाइन तशीच होती. तिच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम नव्हती. ती नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, आणि लाइन गटाराबाहेर काढल्यावर पहिल्यांदा त्या नळावर पिवळा रंग आला.