रागाच्या दिवशी वहीत लिही, दुकानाबद्दल दहाव्या दिवशी

बाळा,

बियाण्याच्या दुकानाबद्दल तू नेटवर लिहिलेलं वाचलं. सोयाबीन पेरल्याच्या सहाव्या दिवशी, रात्री साडेनऊला लिहिलंस. वावरातून घरी येऊन जेवलाही नसशील. "चोर दुकान. बोगस बियाणं. एकही दाणा उगवला नाही. कोणीही जाऊ नका." बाबांनी उसनवारी करून चार बॅगा आणल्या होत्या, तुझा राग मला कळतो. मी तीस वर्षं कृषी खात्यात काढली आणि हंगामात टेबलावर येणारे तक्रार अर्ज वाचले. त्यातल्या कित्येक अर्जांत तीन-तीन पानं संताप असायचा आणि लॉट नंबर कुठेच नसायचा. माणूस खरं बोलतोय हे दिसायचं, पण त्याच्यासाठी काही करता यायचं नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या चार ओळी दारव्ह्याकडचा एखादा शेतकरी उद्या वाचेल. त्याला बॅग घ्यायची आहे. वाण कोणता होता, लॉट कोणता, पेरलं कधी, पाऊस किती झाला होता, यातलं त्याला काहीच कळत नाही. तुला फार वाईट वाटलं एवढंच कळतं. शिवाय तुझी एक ओळ खोटी निघाली. परवा आपण दोघं वावरात फिरलो तेव्हा दाणे उगवलेले होते. वरच्या धुऱ्याकडे तर बरे उगवले होते. ज्याला हे दिसेल तो तुझ्या बाकीच्या खऱ्या ओळीही सोडून देईल.

सहाव्या दिवशी तुला तसं दिसलं याला कारण आहे. सोयाबीन सगळं एका दिवशी वर येत नाही. ओल कमी-जास्त असली की काही दाणे चार-पाच दिवसांत येतात आणि काही आठ-नऊ दिवस घेतात. तू बांधावरून पाहिलंस, आणि तुझ्या बांधाला लागून खालचा सखल पट्टा आहे. रागावलेला माणूस सगळ्यात वाईट जागी उभा राहतो आणि तिथूनच सगळं वावर मोजतो. हा तुझ्या एकट्याचा दोष नाही, मीही तसाच उभा राहिलो असतो.

मग आपण बसून मोजलं, ते आठव. एकरी 30 किलो बियाणं आणि दोन ओळींत दीड फुटाचं अंतर धरलं तर ओळीच्या एका मीटरात साधारण 28 दाणे पडतात. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी, म्हणजे मीटरला वीसच्या आसपास रोपं. वरच्या अडीच एकरात दहा ठिकाणी मोजलं, सरासरी 17 आली. खालच्या दीड एकरात 6 आली. खाली माती उकरली तर दाणे सहा-सात सेंटिमीटर खोल होते. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. त्यात पेरणीच्या दुसऱ्या रात्रीचा दणका पाऊस, आणि काळ्या जमिनीवर पापडी. कोंब वाकडा होऊन आतच कुजला होता. तेवढ्या पट्ट्याचं खापर बियाण्यावर फोडता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याने पेरणीयंत्र खाली खोल सोडलं, ते आपल्या पदरात.

पण बियाणंही निर्दोष नव्हतं. बॅगेत उरलेल्या दोन किलोतून तुझ्या आईने ओल्या गोणपाटात चार वेळा शंभर-शंभर दाणे ठेवले. सातव्या दिवशी 66, 63, 61 आणि 66 निघाले. चारशेत 256, म्हणजे 64 टक्के. एकदाच शंभर दाणे ठेवून 64 आले असते तर मी त्यावर काही बोललो नसतो, तेवढा फरक नशिबानेही पडतो. प्रयोगशाळाही चारशे दाणे तपासते ते यासाठीच. चार वेळा तेच आलं आणि वरच्या वावरातल्या मोजणीशी जुळलं, म्हणून आता म्हणता येतं की बियाणं कमी ताकदीचं होतं. तुझ्या तक्रारीत तथ्य होतं. ते फक्त तुझ्या वाक्यांत आलं नव्हतं.

आता "चोर" या शब्दाचं. दुकानदाराने सीलबंद बॅग दिली. दाणा कंपनीकडेच कमजोर होता, की गोदामात उंच थप्पी लावून, बॅगा आपटून त्याचं टरफल तडकलं, हे तुला दिसलेलं नाही. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. तुला दिसलेल्या दोन गोष्टी आहेत: त्याने बिलावर लॉट नंबर लिहिला नाही, आणि तू गेलास तेव्हा "पाऊस पाहून पेरायचं होतं" म्हणून पाठ फिरवली. या दोन्ही त्याच्याच आहेत. त्या जशाच्या तशा लिही. त्याच्या मनात काय होतं ते लिहू नको.

मी असं लिहिलं असतं:

"21 जूनला चार एकरात या दुकानातलं प्रमाणित सोयाबीन पेरलं, वाण आणि लॉट टॅगच्या फोटोत आहे. पेरणीआधी चांगला पाऊस झाला होता. दहाव्या दिवशी वरच्या अडीच एकरात मीटरला 17 रोपं, खालच्या दीड एकरात 6. खाली पेरणी खोल गेली होती, ती आमची चूक. उरलेल्या बियाण्याची घरी चारशे दाण्यांची तपासणी केली, उगवण 64 टक्के. बिलावर लॉट नंबर मागूनही लिहिला नाही. तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराने बॅग पाहिली नाही, 'पाऊस पाहून पेरायचं होतं' म्हणाले. इथून घेणार असाल तर बिलावर लॉट लिहून घ्या आणि पेरण्याआधी गोणपाटात उगवण पाहा."

आपली चूक त्यात लिहायला तुला जड जाईल. पण तीच ओळ वाचून लोक 64 टक्क्यांवर विश्वास ठेवतील. दुकानदार पुढे काही भरपाई देईल किंवा बॅग बदलून देईल, तर तेही तिथेच जोड. लिहिलेलं बदलता येतं.

राग आलेल्या रात्री काही लिहायचंच नाही, असं मात्र मी सांगत नाही. त्या रात्री वहीत लिही, भरपूर लिही. कोण कोणत्या शब्दांत बोललं, किती वाजता गेलो, बॅग उघडली तेव्हा दाणा कसा दिसला, हे दहाव्या दिवशी आठवत नाही. टॅग आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढ, कारण टॅग चुलीत जातो.

आणि एक गोष्ट थांबवायची नाही. दुकानाबद्दल लिहिणं दहा दिवस थांबतं, तक्रार थांबत नाही. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज लगेच द्यायचा, म्हणजे तालुक्याची समिती वावरात येऊन पंचनामा करेल. दुबार पेरणी केलीस की त्यांना पाहायला काहीच उरत नाही. तू दुकानाबद्दल सहाव्या दिवशी लिहिलंस आणि अर्ज अजून दिलेला नाहीस. मला सगळ्यात जास्त हेच टोचलं.

खालचा दीड एकर पुन्हा पेरायच्या आत अर्ज दे. उरलेलं बियाणं आईला तपासायला आणखी देऊ नको. बॅगेतच राहू दे, टॅगसकट तोंड शिवून, ओल लागणार नाही अशा जागी. सोमवारी सकाळच्या एसटीने मी येतो, अर्ज सोबत लिहू.

तुझ्या बाबांचा सोबती,
काका