माणकाचं सर्टिफिकेट : आधी कॉमेंट्सची ओळ वाचा

प्रश्न : अंगठीसाठी ५ कॅरेटचं माणिक बघितलंय, ४५ हजार सांगतायत. सर्टिफिकेटवर नॅचरल रुबी लिहिलंय पण खाली बारीक अक्षरात ट्रीटमेंटचं काहीतरी आहे. त्याने किमतीत फरक पडतो का?

पडतो, आणि थोडाथोडका नाही. त्या बारीक अक्षरात नेमकं काय लिहिलंय तेच तुम्ही दिलं नाहीत, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

नॅचरल म्हणजे खडा जमिनीतून निघालाय, कारखान्यात बनवलेला नाही, बस एवढंच. त्यावर नंतर काय केलंय ते कॉमेंट्स किंवा ट्रीटमेंटच्या ओळीत असतं. आमच्या घरात यावरून जे झालं ते सांगतो, कारण अजून डोक्यातून जात नाही. माझे बाबा सोनारकाम करतात. दाजींनी एका दुकानातून ज्योतिषाच्या सांगण्यावरून माणकाची अंगठी घेतली, खडा साधारण तुमच्याएवढाच, आणि ती सैल झाली म्हणून बाबांकडे आणली. बाबांनी विचारलं, खडा कसला आहे? दाजी म्हणाले नॅचरल, सर्टिफिकेट आहे. मग बाबांनी खऱ्या माणकाला करतात तसंच केलं, खड्याला ओला कापूस गुंडाळला, पट्टी कापून झाळ लावली, आणि उजळायला तेजाबाच्या पाण्यात टाकली. बाहेर काढली तर खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं! दाजींनी सगळ्यांसमोर बाबांना सुनावलं, खडा जाळलात म्हणून, आणि बदलला की काय इथपर्यंत बोलले.

मी सर्टिफिकेट मागवलं. वर नॅचरल कोरंडम म्हणजे माणकाचं खनिज, रुबी, वजन, प्रकाश किती वळतो ते सांगणारा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.७६२ ते १.७७०, सगळं बरोबर. खाली कॉमेंट्समध्ये : लेड ग्लास फिल्ड. लॅबने काहीच लपवलं नव्हतं.

हे असं असतं की मूळ दगड तड्यांनी भरलेला, जवळजवळ अपारदर्शक, दागिन्यात चालणारच नाही असा. त्यात शिशाची काच वितळवून भरतात. त्या काचेतून प्रकाश जवळपास माणकासारखाच वळतो म्हणून तडे दिसेनासे होतात आणि खडा एकदम लालभडक. वरचे आकडे बरोबर येतात कारण मूळ दगड माणिकच आहे, म्हणून आकडे बघून काही कळत नाही. लूपमधून, म्हणजे सोनाराच्या भिंगातून, बघत खडा हळूहळू फिरवलात तर तड्यांमध्ये निळी किंवा नारिंगी झाक चमकून जाते आणि काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात. ही काच सोनाराच्या आचेला वितळते आणि आम्लाने झिजते, अगदी लिंबाच्या रसानेसुद्धा. म्हणजे बाबांच्या हातून खराब झाली ती काच, माणिक नव्हे.

आता किंमत. असला काचभरला माल बाजारात कॅरेटला काहीशे रुपयांपासून मिळतो. तुमच्या ओळीत हेच लिहिलं असेल तर ५ कॅरेटचे ४५ हजार म्हणजे कॅरेटला ९ हजार, हा सरळ सरळ लुटीचा भाव आहे, दुकान कितीही जुनं असू दे.

पण ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ लिहिलं असेल तर घाबरू नका. बाजारातली बहुतेक माणकं तापवलेलीच असतात, त्याने निळसर छटा जाते, आतलं धूसरपण कमी होतं, आणि तो बदल कायमचा. पुढे ‘रेसिड्यूज इन फिशर्स’ असेल तर तापवताना टाकलेल्या बोरॅक्ससारख्या पदार्थाने तडे सांधलेत आणि त्याचे अंश आत राहिलेत. तिथे मायनर, मॉडरेट की सिग्निफिकंट ते बघायचं, जितके अंश जास्त तितका भाव खाली. हे काचभरल्यापेक्षा कितीतरी टिकाऊ असतं, दोन्ही एक समजू नका. ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ असेल तर तसाच दिसणारा खडा तापवलेल्याच्या दुप्पट किंवा त्याहून महाग जातो. पण मग ५ कॅरेटचा चांगल्या रंगाचा, स्वच्छ, न तापवलेला खडा ४५ हजारात मिळतच नाही. कोणी देत असेल तर खडा मळकट आहे नाहीतर कागद खोटा आहे.

दाजींचं अजून म्हणणं की गिऱ्हाईकाला इंग्रजी कॉमेंट्स कुठे कळतात. नसतील कळत, मग दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या ना, तापवलंय की काच भरलीय. तो टाळाटाळ करायला लागला तर उठा तिथून. आणि दागिना दुरुस्तीला देताना तो कागद सोनाराच्या हातात द्या, नॅचरल आहे एवढं तोंडी सांगून नंतर त्याच्या नावाने ओरडायचा तुम्हाला काहीएक हक्क नाही.

एक राहिलं, हे सगळं माणकाचं. पाचूत तेल असणं बाजारात चालतं, तिथे किती तेल आहे त्यावर भाव ठरतो. आणि काही छोट्या लॅबच्या कार्डावर ट्रीटमेंटची ओळच नसते, त्याचा अर्थ ट्रीटमेंट नाही असा होत नाही. तसलं कार्ड असेल तर पैसे देण्याआधी खडा सुटाच दुसऱ्या चांगल्या लॅबमध्ये तपासून घ्या, अंगठीत बसवल्यावर तडे नीट बघता येत नाहीत.